2014 सालचं लायसन्स

तालुक्याच्या गावात माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा आणि त्यातच लायसन्सचे अर्ज. त्या दिवशी सकाळी सर्व्हर नीट चालत होता, म्हणून पीक विम्याची रांग भराभर हलत होती. रांगेत एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा, अंगात कुरिअर कंपनीचा नवा टी-शर्ट. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने प्लॅस्टिकचं कार्ड पुढे सरकवलं.

"ताई, लायसन्सवर जन्मतारीख चुकलीय. दुरुस्त करून द्या. डिलिव्हरीच्या अॅपमध्ये टाकलं तर घेत नाय."

काम साधं वाटलं. छपाईच्या चुका होतात. मी कार्ड हातात घेतलं, नंबर टाईप करायला लागले आणि पहिल्या काही अक्षरांतच थांबले.

लायसन्सचा नंबर म्हणजे नुसती आकड्यांची रांग नसते. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन आकडे आरटीओ कार्यालयाचे. MH11 म्हणजे सातारा, MH12 म्हणजे पुणे. त्यापुढचे चार आकडे लायसन्स पहिल्यांदा निघालं त्या सालाचे आणि शेवटचे सात अनुक्रमांकाचे. या कार्डावर MH11 च्या पुढे 2014 होतं.

"तुझा जन्म कधीचा?"

"2003."

"म्हणजे अकराव्या वर्षी लायसन्स काढलंस?"

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याने स्वतःचा मोबाईल पुढे केला. "नाय ताई, खरं आहे. मी चेक केलंय. हे बघा, ACTIVE दाखवतंय."

खरंच दाखवत होतं, आणि साइटही सरकारी होती. परिवहनच्या साइटवर लायसन्सचा तपशील बघायची सोय आहे. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की नोंद उघडते. ज्याने हे कार्ड बनवलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने कुणा तिसऱ्याच माणसाच्या खऱ्या लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख जशीच्या तशी ठेवली होती. बदललं होतं फक्त नाव आणि फोटो. कार्डावरची तारीख टाकली की हिरव्या अक्षरात ACTIVE येणारच. पोराने विचारलंच तर उत्तरही तयार होतं, "जन्मतारीख प्रिंटिंग मिस्टेक आहे, नंतर दुरुस्त होईल."

मी तीच नोंद माझ्या स्क्रीनवर उघडली आणि त्याला ACTIVE च्या खालच्या ओळी वाचायला लावल्या. नाव त्याचं नव्हतं. लायसन्स दिल्याची तारीख 2014 ची. कार्डावर दुचाकीसोबत कारही छापली होती, नोंदीत फक्त दुचाकी. खात्री म्हणून डिजिलॉकर उघडून तिथे हे लायसन्स घेता येतं का ते पाहिलं. आधारवरचा तपशील जुळत नाही म्हणून नकार आला. डिलिव्हरीच्या अॅपने नेमकं हेच पकडलं होतं.

पोराचा चेहरा उतरला. रांगेतले दोघे-तिघे मान वाकवून बघायला लागले, म्हणून त्याला आत बसवलं, विम्याचं काम नणंदेकडे दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्याने मोबाईलवर 'ड्रायव्हिंग लायसन्स ऑनलाइन' असं शोधलं होतं. सगळ्यात वरचा दुवा त्याने उघडला. तो जाहिरातीचा होता, पण 'प्रायोजित' हा बारीक शब्द कोण वाचतो? साइटवर तीन सिंहांचं चित्र, तिरंगी पट्टी, मागे आरटीओचा फोटो. नाव, मोबाईल, आधारचे फोटो टाकले, 'फॉर्म फी' म्हणून 499 रुपये भरले. तासाभरात फोन आला, "आरटीओ ऑफिसमधून बोलतोय."

"पत्त्यात gov लिहिलं होतं की ताई," तो म्हणाला.

होतं, मधे कुठेतरी. gov च्या आधी-नंतर आडव्या रेघा आणि शेवट भलताच. वेबसाइटचा पत्ता डावीकडून वाचला तर फसायला होतं, कारण डाव्या बाजूला कुणीही काहीही लिहू शकतो. सुरुवातीचं https:// सोडून पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. sarathi.parivahan.gov.in/ यात रेघेआधी gov.in आहे, आणि gov.in हा शेवट सरकारी यंत्रणेलाच मिळतो. तिथे .org, .com, .co.in किंवा रेघ घालून जोडलेलं gov असलं तर ती साइट आरटीओची नाही. कुलपाचं चिन्ह बघून काही उपयोग नाही. ते एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कुणी वाचत नाही. पलीकडे चोर बसलाय की साव, हे ते सांगत नाही.

पोरगा फसला तो मात्र नुसत्या साइटने नाही. त्याचं शिकाऊ लायसन्स खरं निघालं होतं. फोनवरच्या माणसाने सारथी या लायसन्सच्या खऱ्या सरकारी पोर्टलवर त्याचा अर्ज भरला, आधारचा ओटीपी याच्याकडून घेतला, परीक्षेचा पासवर्ड याला पाठवला. याने घरी बसून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर परीक्षा दिली आणि स्वतःच्या अभ्यासावर पास झाला. 2021 पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा अशी घरून देता येते. सरकारी शुल्क एका वर्गासाठी 150 आणि परीक्षेचे 50. हे सगळं नियमात बसणारं होतं आणि म्हणूनच पुढची थाप खपली.

थाप अशी, "शिकाऊची टेस्ट घरून झाली ना? आता पक्क्याचीही आरटीओत जायची गरज नाही. नवीन नियम आलाय." सोबत व्हॉट्सअॅपवर एक बातमीसारखा मेसेज, 1 जून 2024 पासून ड्रायव्हिंग स्कूलच लायसन्स देणार, आरटीओची टेस्ट बंद. भाव 6,500 रुपये, कारसकट.

हा मेसेज माझ्याकडेही अनेकांनी आणून दाखवलाय. त्यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून तो मरत नाही. केंद्राच्या नियमांत 2021 साली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद आली. अशा केंद्रात पूर्ण प्रशिक्षण घेऊन तिथली परीक्षा पास झालं की फॉर्म 5B मिळतो आणि आरटीओतली चाचणी माफ होते. पण हलक्या वाहनासाठी ते प्रशिक्षण 4 आठवड्यांत 29 तासांचं असतं, त्यातले 21 तास प्रत्यक्ष गाडीवर. केंद्राला किमान एक एकर जागा लागते. आपल्या बाजारपेठेतल्या मोटार ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट म्हणजे साधा फॉर्म 5. त्याने चाचणी माफ होत नाही. 2024 साली अफवा फारच पसरली तेव्हा केंद्रीय मंत्रालयाने स्वतः खुलासा केला होता की 1 जूनपासून नियमात काहीही बदललेलं नाही. थोडक्यात, चाचणी कुठे द्यायची हे बदलू शकतं, पण चाचणीच न देता पक्कं लायसन्स मिळण्याची कायदेशीर वाट नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणी माझ्यावर हसेल. आतल्या कुणाला हाताशी धरून नोंदीत खरंखुरं चढवलेलं लायसन्स या तपासणीत सापडत नाही. ते साइटवर अस्सलच दिसतं. त्याचा निकाल चौकशीत लागतो, माझ्या काउंटरवर नाही. पण गावोगावच्या पोरांना सहा-सात हजारांत जे मिळतं ते बहुतेक असलंच असतं, प्लॅस्टिक आणि छपाई.

आधी 1930 ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येतात. इथे महिना उलटला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं, पैशाची आशा धरू नकोस, पण तक्रार करायचीच. cybercrime.gov.in वर अर्ज भरला. यूपीआयच्या दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, साइटचा पूर्ण पत्ता आणि कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. 6,500 एका व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयवर गेले होते. आरटीओचं शुल्क असं कुणाच्या खासगी खात्यावर कधीच जात नाही. ते पोर्टलच्या पेमेंट पानावरून जातं आणि अर्ज क्रमांक असलेली पावती लगेच निघते.

मग सारथीवर त्याचं शिकाऊ लायसन्स शोधलं. मुदत सहा महिन्यांची, अजून शिल्लक होती. पक्क्यासाठी तीस दिवस थांबावं लागतं, तेही होऊन गेले होते. अडचण एकच, नोंदीला मोबाईल नंबर त्या दलालाचा. म्हणजे पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. पोर्टलवर मोबाईल बदलायची सोय आहे, ती आधारच्या पडताळणीने होते. तेवढं आधी केलं. नंतर शिकाऊचा क्रमांक आणि त्याची खरी जन्मतारीख टाकून पक्क्याचा अर्ज. चाचणीचे 300, लायसन्सचे 200, वर कार्डाचा आणि पोस्टाचा खर्च. चाचणीची वेळ त्याच पोर्टलवर घेतली, त्याला वेगळे पैसे नाहीत. माझी फी मी घेतली, पावती देऊन. गिऱ्हाइकाला दया आली म्हणून फुकट केलं असं लिहायला छान वाटेल, पण केंद्राचं भाडं मला चुकत नाही.

"नुसते पाचशे?" तो दोनदा म्हणाला.

"आणि गाडीवर आठचा आकडा काढायला शिक. पाय टेकला की गेलं."

पाय टेकला. पहिल्या वेळी आठच्या दुसऱ्या वळणावर गाडी बंद पडली आणि इन्स्पेक्टरांनी नापास केलं. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, तिचं शुल्क पुन्हा भरावं लागतं. त्यासाठी तो केंद्रात आला असतानाच त्याचा फोन वाजला. स्क्रीन बघून त्याने तो गुपचूप माझ्या हातात दिला.

"काय भाऊ, लायसन्स चालतंय ना?" पलीकडून आवाज. "नसेल तर तीन हजारांत अपडेट करून देतो. ऑफिसचाच माणूस आहे आपला."

मी म्हटलं, "अर्ज क्रमांक सांगा, मी सारथीवर बघते."

फोन कट झाला. नंबर नवा होता. मी तो लिहून घेतला, तक्रारीचा क्रमांक कागदावर काढून दिला आणि त्याला पोलीस ठाण्यातल्या सायबरच्या टेबलावर पाठवलं. आठ दिवसांनी चाचणीला जाताना त्याने कंपनीचा टी-शर्ट घातला नव्हता. लायसन्स येईपर्यंत तो तिथे पार्सलं लावायचं काम करत होता.