जास्वंदीची सावलीतली पाकळी: के-मीन्सचा हिशेब सहा पिक्सेलांवर

के-मीन्स ही पद्धत प्रत्येक पिक्सेल रंगाने सर्वांत जवळच्या केंद्राच्या गटात टाकते, मग गटाची सरासरी हे नवे केंद्र धरते आणि पिक्सेल हलायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा करते. तिने पाडलेल्या गटांत जास्वंदीच्या छायाचित्रातील सावलीत गेलेली पाकळी दर वेळी पानांच्या गटात का जाते, याचे कारण अखेर सापडले आहे. मागच्या नोंदीत ठरल्याप्रमाणे `attempts`, म्हणजे वेगवेगळ्या आरंभीच्या केंद्रांपासून केलेल्या प्रयत्नांची संख्या, वाढवून पाहिली, तेव्हा हा घोळ कमी न होता उलट अधिक पक्का झाला. म्हणून पूर्ण चित्र बाजूला ठेवले, त्यातील सहा पिक्सेल घेतले आणि प्रत्येक फेरी कागदावर मांडली.

पाकळीचे तीन पिक्सेल, लाल-हिरवा-निळा या क्रमाने, असे आहेत: उजेडातील क१ (२२०, ४०, ५०), मधला क२ (१४५, २५, ३५) आणि सावलीतील क३ (७०, १५, २०). पानाचे तीन: प१ (११०, १७०, ६०), प२ (६०, १२०, ४०) आणि प३ (३५, ६०, २५). गट दोनच ठेवले आणि आरंभीची केंद्रे मुद्दाम क१ व क३ घेतली, कारण यादृच्छिक निवडीत दोन्ही केंद्रे फुलावरच पडू शकतात.

पहिल्या फेरीत क२ पासून क१ च्या अंतराचा वर्ग ६०७५ येतो आणि क३ चा ५९५०, त्यामुळे क२ थोडक्यात क३ कडे जातो. तिन्ही पानेही तिकडेच जातात. या पाच पिक्सेलांची सरासरी (८४, ७८, ३६) हे दुसऱ्या गटाचे नवे केंद्र होते. पानांनी ते केंद्र हिरव्याकडे ओढल्यामुळे दुसऱ्या फेरीत क२ च्या त्याच्यापासूनच्या अंतराचा वर्ग ६५३१ होतो आणि क२ पहिल्या गटात परततो. केंद्रे आता (१८२.५, ३२.५, ४२.५) आणि (६८.७५, ९१.२५, ३६.२५) अशी होतात. तिसऱ्या फेरीत क३ च्या अंतराचा वर्ग पहिल्या केंद्रापासून सुमारे १३४६९ आणि दुसऱ्यापासून ६०८० भरतो. कोणताही पिक्सेल हलत नाही, फेऱ्या थांबतात आणि सावलीतली पाकळी पानांतच राहते.

आरंभीची केंद्रे क१ आणि प१ घेतली, तर पहिल्याच फेरीत पाकळ्या एकीकडे आणि पाने दुसरीकडे लागतात व पुढेही तशीच टिकतात. मात्र अंतरांच्या वर्गांची एकूण बेरीज या योग्य विभागणीत सुमारे २१६१७ आहे, तर वरच्या चुकीच्या विभागणीत २०७४४. ओपनसीव्हीचे `cv2.kmeans` सर्व प्रयत्नांपैकी सर्वांत कमी बेरजेचे उत्तर परत करते. योग्य उत्तर वाटेत सापडले, तरी ते टाकून दिले जाणार. म्हणजे दोष आरंभाच्या निवडीत नसून अंतर मोजण्याच्या अवकाशात आहे: उजेड कमी झाला की तिन्ही आकडे एकत्र घसरतात, आणि ही घसरण लाल-हिरव्यातील फरकापेक्षा मोठी ठरते.

म्हणून लाल आणि हिरव्या आकड्याला तिन्हींच्या बेरजेने भागले. क१ (०.७१, ०.१३), क२ (०.७१, ०.१२) आणि क३ (०.६७, ०.१४) झाला, पाने (०.३२, ०.५०), (०.२७, ०.५५) आणि (०.२९, ०.५०) झाली. आरंभ तोच, क१ आणि क३. पहिल्या फेरीत क२ हा क१ कडे आणि पाने क३ कडे जातात, दुसरे केंद्र (०.३९, ०.४२) येथे सरकते, आणि दुसऱ्या फेरीत क३ स्वतःहून पाकळ्यांत परततो. त्याच वाईट आरंभातून हे घडताना पाहणे अत्यंत समाधानाचे होते.

```python
f = img.astype(np.float32)
s = f.sum(axis=2)
rg = f[..., 2:0:-1] / np.maximum(s, 1)[..., None]
X = rg[s > 45]
```

शेवटची ओळ आवश्यक आहे. (६, ४, ३) या जवळजवळ काळ्या पिक्सेलचा लाल वाटा ०.४६ असतो, त्यात एकेका अंकाचा गोंगाट मिसळून (५, ४, ४) झाला की तो ०.३८ वर येतो. असे पिक्सेल केंद्रांना भरकटवतात, म्हणून ते वगळून त्यांचा गट नंतर शेजाऱ्यांवरून ठरवावा. ४५ ही मर्यादा माझ्या कॅमेऱ्यापुरती आहे. फेऱ्या एकेक करून पाहायच्या असतील, तर मला scikit-learn अधिक सोयीचे वाटते, कारण `KMeans` मध्ये `init` म्हणून स्वतःची केंद्रे देता येतात. जेपेग चित्रांत बहुधा शेजारच्या दोन-बाय-दोन पिक्सेलांची रंगमाहिती एकत्र साठवलेली असते, त्यामुळे पाकळीच्या कडेला तपकिरी पट्टा उमटतो. या कामासाठी कच्ची फाइलच वापरावी असे माझे ठाम मत आहे.

यानंतर गट तीन करण्याचा विचार होता, परंतु हे लिहिताना त्यातील अडचण लक्षात आली: उजेड पूर्ण काढून टाकला, तर पांढरी भिंत आणि करडी कुंडी दोन्ही (०.३३, ०.३३) येथे येऊन एक होतील. त्यामुळे आधी उजेड आणि रंग वेगळ्या वाहिन्यांत मांडणाऱ्या लॅब अवकाशात उजेडाची वाहिनी ०.३ ने गुणून, म्हणजे कमी वजनाने, ठेवून पाहणार आहे आणि हेच सहा पिक्सेल त्यातून पुन्हा काढणार आहे.