वाटाणे, मीठ आणि सासूबाई

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातला पहिला कायदा सांगितला तो असा, "मीठ मागसून घाल गो, आदी घातलंस तर वाटाणे शिजूचे नाय." आमच्याकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे झाल्याशिवाय गणपती आल्यासारखं वाटतच नाही, आणि पंधरा-वीस पानं मांडलेली असताना वाटाणा दाताखाली कचकन वाजला तर सुनेचं काय होतं ते मालवणी माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून मी निमूटपणे मीठ शेवटी घालायचे. तरी दर दुसऱ्या वर्षी वाटाणे दगड. मग शेजारच्या काकी भिंतीपलीकडून ओरडायच्या, चिमूटभर सोडा टाक, लोणी होतील. टाकला की व्हायचेही लोणी, पण सांबाऱ्याला कसलीशी साबणाची चव यायची आणि सालं सुटून वर तरंगायची. हॉटेलातल्या उसळीचा रस्सा असतो ना, काळपट आणि जरा बुळबुळीत, सेम तसा.

मग एका मे महिन्यात, घरात फारसं कोणी नव्हतं तेव्हा, मी तीन पातेल्या मांडल्या. एकाच पुडीतले काळे वाटाणे, प्रत्येकी अर्धी वाटी, अर्धा लिटर पाणी. एकीत नुसतं पाणी, दुसरीत चहाचा सपाट चमचाभर मीठ, तिसरीत पाव चमचा खाण्याचा सोडा. रात्रभर दहा तास. सकाळी तिन्हींचं पाणी ओतलं, वाटाणे धुतले आणि कुकरच्या तीन डब्यांत नवीन पाणी घालून एकावर एक ठेवले, म्हणजे आच तीच आणि शिट्ट्याही त्याच. सोड्याच्या डब्यात परत एक चिमूट सोडा टाकला, कारण लोक तसंच करतात. पाच शिट्ट्या केल्या आणि वाफ आपोआप जाऊ दिली.

साध्या पाण्यातला वाटाणा चिमटीत दाबला तर साल चिवट, आत पीठूळ आणि मधोमध बारीकसा कडक गाभा. सोड्यातला नुसता बोट लागताच पसरला. आणि मिठातला? आख्खाच्या आख्खा, साल एवढी मऊ की दातांना कळतही नाही, आणि आत नुसता चव नसलेला लगदा नाही तर खरंच खारट-गोडसर वाटाणा. साध्या डब्याला आणखी चार शिट्ट्या लागल्या. ज्या मिठाला मी इतकी वर्षं घाबरत होते त्यानेच काम सोपं केलं होतं, आणि मला उगाच सासूबाईंवर जिंकल्यासारखं वाटलं.

याचं कारण सालीत आहे. कडधान्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, आपल्या जॅमला घट्ट करतो तोच. त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतात, गाठी मारल्यासारखं. मिठातलं सोडियम भिजताना हळूहळू त्यांची जागा घेतं, गाठी सैल होतात, आणि मग उकळत्या पाण्यात पेक्टिन सहज सुटतं. सोडा आणखी पुढे जातो, पाणी क्षारीय करतो आणि पेक्टिन सरळ तोडतोच, म्हणून वेळ खूप कमी लागतो पण मऊपणावर ताबा राहत नाही. आंबट याच्या बरोब्बर उलटं, आणि आपल्याकडे खरी चूक इथे होते. सोलं (आमसुलं हो, मुंबईकरांसाठी) किंवा टोमॅटो वाटाणे अर्धवट असताना पडले की ते तिथेच अडतात, मग तासभर उकळा. आणि आपण सोलं आणि मीठ बहुतेक वेळा एकदमच टाकतो, त्यामुळे बदनाम झालं ते मीठ.

सासूबाईंच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. त्यांच्या काळी मीठ म्हणजे शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ, पावसात पाणी सुटणारं. ते पाणी सुटतं ते त्यातल्या मॅग्नेशियममुळे, म्हणजे गाठी मारणारी मंडळी त्या मिठात थोडीफार होतीच. हा माझा अंदाज, पण त्यांचं म्हणणं अगदी हवेतून आलं असेल असं मला वाटत नाही.

आणि दर दुसऱ्या वर्षी दगड का, तर त्याचं उत्तर आमच्या बेगमीत होतं. मे महिन्यात पाच किलो वाटाणे घेऊन ठेवायचे आणि सगळा पावसाळा डब्यात, उष्णता आणि दमट हवा दोन्ही. अशा साठवणीत दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य तुटतं, त्याने धरून ठेवलेलं मॅग्नेशियम-कॅल्शियम मोकळं होतं आणि दाण्याच्या आतच पेक्टिनला जाऊन चिकटतं. असे वाटाणे भिजून टम्म फुगतात, अगदी ताज्यासारखे दिसतात, पण शिजत नाहीत, म्हणून फसायला होतं. जे भिजतच नाहीत, बारीक राहून वाटीत खडखड वाजतात, ते गणंग, ते वेगळे, ते सरळ वेचून कोंबड्यांना. फुगलेल्या जुन्या वाटाण्याला मीठ थोडी मदत करतं पण चमत्कार करत नाही. पाणीही बघावं लागतं. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, साबणाला भरपूर फेस येतो, पण नणंदेकडे खाडीजवळ बोअरचं पाणी आहे, तिच्या किटलीत पांढरा थर बसतो आणि तिच्याकडे वाटाण्यांना जास्त शिट्ट्या लागतात. तिने पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरायला लागल्यापासून तिचा गॅस वाचतो म्हणे.

सोडा मी अगदी फेकून दिलेला नाही. फारच जुने वाटाणे आणि दारात पाहुणे असतील तर भिजवताना लिटरला पाव चमचा, मग पाणी फेकून दोनदा धुवायचे, शिजवताना नाही. शिजवताना घातला की ब१ जीवनसत्त्वाचं जास्त नुकसान होतं, कारण ते क्षार आणि उष्णता एकत्र आली की टिकत नाही. प्रथिनांना त्यामानाने फार काही होत नाही. ब१ चं एवढं काय, असं मलाही वाटायचं. पण आमचे सासरे अजून उकड्या तांदळाची पेज जेवतात, त्या तांदळात साळ उकडताना कोंड्यातलं ब१ आत शिरलेलं असतं, आणि आम्ही बाकीचे पांढऱ्या सडीक तांदळाचा भात खातो, ज्यात ते फारसं उरत नाही. म्हणजे आमचं पान मुख्यतः डाळी-कडधान्यांवर उभं आणि त्यातच मी सोडा टाकणार. सासऱ्यांना बीपी आहे, त्यामुळे मिठाचं पाणीसुद्धा ओतून वाटाणे चांगले धुते आणि सांबाऱ्यात मीठ हात राखून घालते, कारण थोडं आत गेलेलंच असतं.

आता चतुर्थीच्या आदल्या रात्री अर्धा किलो वाटाणे, दोन लिटर पाणी आणि चार चमचे मीठ, झाकण घालून ओट्याच्या कोपऱ्यात. सकाळी कुकर, मग वाटण, आणि वाटाणा चिमटीत गाभ्याशिवाय दबला की मगच सोलं. सासूबाई दरवर्षी कुकर लावताना मागे येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "आदी मीठ नाय घातलंस मां?"

"नाय हो, कुकरात कणभर नाय," मी सांगते.