गॉसियन एलिमिनेशनचा खर्च हाताने मोजला, माझा अनुभव

एमएस्सी मॅथ्सला न्यूमेरिकल ॲनालिसिस घेतला की गॉसियन एलिमिनेशन येतंच, आणि त्याच्या शेवटी एक ओळ असते की n अज्ञातांची n समीकरणं सोडवायला याला साधारण २n³/३ ऑपरेशन्स लागतात. सगळे पाठ करतात. मला मात्र तो घन नेमका कुठून येतो आणि त्याच्या खाली ३ का बसलाय हे डोळ्यांनी बघायचं होतं. सिडकोत आमच्या रूमवर माझा पार्टनर मेकॅनिकलचा आहे, तो म्हणाला, "अरे तीन लूप आहेत एकात एक, म्हणून n³, झालं की." बरोबर आहे त्याचं, पण तीन लूपवरून फक्त घन कळतो, एक तृतीयांश कळत नाही. म्हणून कॉलेज रोडवरून ग्राफची वही आणली आणि चार समीकरणं, चार अज्ञात, असं घेऊन बसलो.

आधी एकच ओळ नीट बघू. पहिली ओळ २, १, ३, १ आणि उजवीकडे १०. दुसरी ४, ५, १, २ आणि उजवीकडे १७. दुसऱ्या ओळीतला ४ घालवायचाय, तर ४ भागिले २ म्हणजे २ हा मल्टिप्लायर, हा झाला एक भागाकार. मग पहिल्या ओळीची २ पट दुसरीतून वजा करायची: ५ चे ३ झाले, १ चा −५, २ चा ०, आणि उजवीकडच्या १७ चे −३. ४ च्या जागी शून्य येणार हे माहितीच आहे, ते कोणी काढत बसत नाही, सरळ लिहून टाकायचं. म्हणजे एका ओळीला १ भागाकार, ४ गुणाकार, ४ वजाबाक्या, एकूण ९. खाली अशा ३ ओळी, म्हणजे पहिल्या टप्प्यात २७. दुसऱ्या टप्प्यात ओळी २ उरल्या आणि प्रत्येक ओळ एका घराने आखूड झाली, ७ दुणे १४. तिसऱ्यात एकच ओळ, ५. बेरीज ४६.

मग खालून वर येत उत्तरं काढायची, म्हणजे बॅक सबस्टिट्यूशन. शेवटच्या अज्ञाताला १ भागाकार, त्याच्या वरच्याला एक गुणाकार एक वजाबाकी एक भागाकार म्हणजे ३, मग ५, मग ७. १+३+५+७ = १६. विषम संख्यांची बेरीज असल्यामुळे इथे कायम बरोबर n² च येतात, कमी नाही जास्त नाही. सगळं मिळून ६२ ऑपरेशन्स.

आता खरी गंमत. उजवीकडची बाजू आणि भागाकार जरा बाजूला ठेवले आणि ग्राफच्या वहीत प्रत्येक घरात लिहिलं की हे घर आख्ख्या प्रोसेसमध्ये किती वेळा बदललं. पहिली ओळ कधीच बदलत नाही, आणि पहिल्या कॉलममध्ये फक्त शून्य लिहायचं असतं. उरलेल्या ३ बाय ३ मध्ये असं आलं:

```
1 1 1
1 2 2
1 2 3
```

बेरीज १४, म्हणजेच ९+४+१. पहिल्या टप्प्यात ९ घरं बदलली, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १. उजव्या खालच्या कोपऱ्यातलं घर सगळ्यात जास्त वेळा बदलतं, कारण प्रत्येक टप्पा त्याच्यापर्यंत पोचतो. हे आकडे उंची म्हणून बघा. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट एका कोपऱ्याला चिकटवून रचले, खाली ३ बाय ३, त्यावर २ बाय २, त्यावर १, तर जो ढीग होईल तोच हा. एक क्रेट म्हणजे एक गुणाकार आणि एक वजाबाकी. म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही n सोबत वाढतायत, ढीग घनफळासारखा वाढणारच. आणि ढीग वर निमुळता होत जातो, पिरॅमिड आहे तो, पिरॅमिडचं घनफळ तळ गुणिले उंची भागिले ३. हाच तो ३! कोपऱ्यावर टोक असलेले असे तीन सारखे पिरॅमिड जोडले की पूर्ण घन तयार होतो, वहीवर काढून बघा, खूप समाधान मिळतं. गुणाकार n³/३, वजाबाक्याही n³/३, म्हणून २n³/३.

अर्थात आपला ढीग पायऱ्यांचा आहे आणि त्याची बाजू n−१ आहे, त्यामुळे छोट्या n ला अंदाज कच्चा असतो. n = ४ ला n³/३ म्हणजे २१ च्या आसपास आणि खरे १४. n = १०० ला खरी बेरीज ३,२८,३५० आणि n³/३ म्हणजे ३,३३,३३३, आता फरक दीड टक्क्याचा राहिला.

मोठ्या n साठी हाताने कोण बसणार, म्हणून नुसता मोजणारा कोड लिहिला (यात आकडे सोडवत नाही, फक्त मोजतो, आणि j शेवटी उजव्या बाजूपर्यंत जातो):

```python
def moja(n):
    c = 0
    for k in range(n-1):
        for i in range(k+1, n):
            c += 1
            for j in range(k+1, n+1):
                c += 2
    return c + n*n
```

`moja(4)` ला ६२ आले तेव्हा वहीवर विश्वास बसला. पुढे n = १० ला ८०५, २० ला ५,९१०. n दुप्पट केला तर ८ पट व्हायला पाहिजे ना, इथे ७.३ पटच झालं, कारण n² वाले तुकडे दुप्पट केल्यावर ४ पटच वाढतात आणि छोट्या n ला त्यांचा वाटा मोठा असतो. १०० वरून २०० ला गेलं की ६,८१,५५० चे ५३,९३,१०० होतात, म्हणजे ७.९ पट. रूम पार्टनर म्हणे घड्याळ लावून बघू, पण `numpy.linalg.solve` ला छोटे n दिले तर ८ पट दिसणारच नाही, तिथे बराच वेळ फंक्शन बोलावण्यात आणि मेमरी हलवण्यात जातो. ऑपरेशन्सची मोजणी म्हणजे सेकंद नाहीत, हे दोन्ही वेगळं ठेवायचं.

पिव्होट, म्हणजे ज्या आकड्याने भागायचं तो, मोठा मिळावा म्हणून ओळींची अदलाबदल केली तर काय, हे पण बघितलं. कॉलममधला मोठा आकडा शोधायला एकूण n(n−१)/२ तुलना लागतात, घनाला धक्का लागत नाही.

आणि घन टळतो कधी? ढीगच रचला गेला नाही तर. मॅट्रिक्समध्ये फक्त मुख्य कर्ण आणि त्याच्या दोन्ही शेजारच्या कर्णांवरच आकडे असतील, बाकी सगळी शून्यं, तर प्रत्येक टप्प्यात खाली एकच ओळ बदलावी लागते आणि त्यात कर्णावरचं एक घर आणि उजवी बाजू एवढंच. ओळी न बदलता चालत असेल तर टप्प्याला ५ ऑपरेशन्स, परत वर येताना अज्ञाताला ३ (शेवटच्याला १च), एकूण 8n − 7. n = १००० ला हे ७,९९३ होतात, आणि तेच मॅट्रिक्स भरलेलं असतं तर ६६,८१,६५,५००.