काटा घुसल्यापासून अँटीबॉडीपर्यंत : इम्युनॉलॉजीचा चॅप्टर एका चार्टवर आणला, माझा अनुभव

टीवायला मायक्रो होतं तेव्हा प्रतिकारशक्तीच्या दोन भागांचा, म्हणजे जन्मजात इनेट आणि नंतर घडणारी अडॅप्टिव्ह यांचा चॅप्टर सगळे एकाच पद्धतीने करायचे, मधे रेघ मारायची, इकडे इनेट म्हणजे पटकन, स्पेसिफिक नाही, मेमरी नाही, तिकडे अडॅप्टिव्ह म्हणजे हळू, स्पेसिफिक, मेमरी आहे, झालं. फरक सांगा असा प्रश्न आला की मार्क मिळतात, त्यात वाद नाही. पण इन्फेक्शन झाल्यावर क्रमाने काय होतं ते लिहा म्हटलं की टेबल काही कामाचं नाही, कारण कोण कोणाला काय सांगतं हे त्यात कुठेच नसतं.

म्हणून मी मोठा चार्ट पेपर आडवा घेतला आणि तीन पट्टे आखले. वरच्या पट्ट्यात पेशी, मधल्यात सिग्नल, खालच्यात परिणाम, आणि डावीकडून उजवीकडे वेळ, म्हणजे आधी मिनिटं मग तास मग दिवस. नियम एकच ठेवला, पेशीकडून पेशीकडे थेट बाण काढायचा नाही. बाण आधी मधल्या पट्ट्यात उतरणार, सिग्नलचं नाव घेणार आणि मगच दुसऱ्या पेशीकडे वर किंवा परिणामाकडे खाली जाणार. ऐकायला किरकोळ वाटतं पण या नियमाने "मॅक्रोफेज न्यूट्रोफिलला बोलावतात" असली गुळमुळीत वाक्यं लिहिताच येत नाहीत, कशाने बोलावतात ते लिहावंच लागतं.

दुसरं म्हणजे एक केस पकडली, नाहीतर बाण सुरू कुठून करायचे तेच कळत नाही. बाभळीचा काटा तळपायात घुसला आणि सोबत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आत गेला. तिथल्या टिश्यूत मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पेशी, आधीपासून बसलेलेच असतात, त्यांचा टीएलआर-२ हा रिसेप्टर जिवाणूच्या लायपोप्रोटीनला ओळखतो आणि ते टीएनएफ, आयएल-१ आणि सीएक्ससीएल-८ हे सिग्नल सोडतात. पहिले दोन जातात रक्तवाहिनीच्या अस्तराकडे, म्हणजे एंडोथेलियमकडे, आणि हे एंडोथेलियम पेशींच्या पट्ट्यात घालणं फार गरजेचं आहे, बहुतेक जण ते सोडूनच देतात. वाहिन्या रुंद होतात, गळक्या होतात, म्हणून खाली परिणाम आला लाली, उष्णता, सूज. शिवाय एंडोथेलियम आतल्या बाजूला सिलेक्टिन वर आणतं, रक्तातले न्यूट्रोफिल, याही जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला अडकत अडकत घरंगळतात, मग इंटेग्रिनने घट्ट चिकटतात, बाहेर पडतात आणि सीएक्ससीएल-८ जिथे जास्त तिकडे सरकतात. हे सगळं काही तासांत. खाली परिणाम लिहिला पू, जो बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो.

इथे एक अडचण आली, टीएनएफ आणि आयएल-१ चा परिणाम एकच नाही. जागेवर राहिले तर सूज, पण आयएल-६ सोबत रक्तातून मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत पोचले तर ताप, आयएल-६ लिव्हरला पोचलं की सूज दाखवणारं सीआरपी हे प्रोटीन वाढतं, आणि टीएनएफ सगळ्या शरीरभर सुटलं तर बीपी कोसळून शॉक. म्हणजे सिग्नलच्या नावाबरोबर तो कुठे आहे हेही लिहायला हवं. मी प्रत्येक सिग्नलखाली बारीक अक्षरात जागा लिहिली, पाय, रक्त, किंवा लिम्फ नोड.

सगळ्यात जास्त वेळ गेला डेंड्रायटिक सेलवर, आणि माझ्या मते अख्खा चॅप्टर या एका बॉक्सवर उभा आहे. ही पेशी पायात जिवाणूचे तुकडे गिळते, टीएलआर वाजला की सीसीआर-७ हा रिसेप्टर वर आणते आणि लिम्फच्या वाटेने जांघेतल्या नोडपर्यंत जाते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते तिथेच, लिम्फोसाइट, म्हणजे टी सेल आणि बी सेल, नोडमधे थांबवून धरले जातात आणि वाढायला लागतात. नोडमधे डेंड्रायटिक सेल टी सेलला तीन गोष्टी देते. पहिली स्वतःच्या एमएचसी या प्रोटीनवर ठेवलेला तुकडा, दुसरी सीडी८०/८६ जे टी सेलच्या सीडी२८ ला लागतं, तिसरी सायटोकाइन, म्हणजे आयएल-६ सारखे सिग्नल, ज्यावरून टी सेल कुठल्या प्रकारची होणार ते ठरतं. आता गंमत बघा, तुकडा जिवाणूचा आहे की स्वतःच्याच शरीराचा हे टी सेलला कळत नाही, ते कळतं दुसऱ्या सिग्नलवरून, आणि तो भरपूर येतो टीएलआर वाजला असेल तरच. म्हणजे स्पेसिफिक असलेल्या अडॅप्टिव्हला परवानगी देणारी इनेटच. पहिला सिग्नल आहे आणि दुसरा नाही, असा बाण मी मुद्दाम वेगळा काढला, त्याखाली परिणाम अनर्जी, टी सेल गप्प. २०११ चं नोबेलही असंच वाटलं गेलं होतं, अर्धं बॉयटलर आणि हॉफमन यांना इनेटसाठी, अर्धं डेंड्रायटिक सेलवाल्या स्टाइनमन यांना.

पुढे आयएल-६ वगैरे मिळाल्यावर काही टी सेल टीएच-१७ होतात, परत पायाकडे येतात, आयएल-१७ सोडतात आणि त्याने कातडीच्या पेशी आणखी न्यूट्रोफिल बोलावतात. म्हणजे बाण उलटा फिरून इनेटच्या हद्दीत गेला. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेलचंही तेच, टी सेलकडून सीडी४० लायगँड मिळाला की आयजीएम प्रकारच्या अँटीबॉडीवरून आयजीजीवर जातात, आणि ती आयजीजी जिवाणूला चिकटली की खाणारे शेवटी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजच. अँटीबॉडी काटेकोर बघितलं तर सिग्नल नाही, पण मी ती मधल्याच पट्ट्यात टाकली, पेशीतून बाहेर पडून काम करणारं सगळं तिथे, नाहीतर चौथा पट्टा आखावा लागला असता. पहिल्या वेळी हे सगळं व्हायला आठवडाभर तरी जातो, म्हणून वेळेच्या पट्टीवर मधे मोठी मोकळी जागा दिसते आणि तेवढे दिवस किल्ला न्यूट्रोफिल लढवतात.

चार्ट बरोबर आहे का हे तपासायला मी एकेक बॉक्स बोटाने झाकून पुढे काय अडतं ते बघायचो. इंटेग्रिन झाकला तर न्यूट्रोफिल रक्तातच अडकले, म्हणजे रक्तात काउंट खूप आणि जखमेत पूच नाही, आणि एलएडी नावाच्या जन्मजात आजारात अगदी हेच दिसतं. टीएच-१७ झाकली तर स्टॅफची गळवं पुन्हा पुन्हा, ते जॉब्ज सिंड्रोममधे दिसतं. पुस्तकात हे आजार शेवटच्या चॅप्टरमधे पाठ करायला दिलेत, इथे ते आपोआप निघतात. जिथे बॉक्स झाकूनही पुढे काहीच अडत नव्हतं तिथे एखादा बाण काढायचा राहिलेला असायचा. एक मात्र आहे, किती प्रमाणात हे चार्टवर दिसत नाही, थोडं टीएनएफ आणि प्रचंड टीएनएफ दोन्हीला बाण सारखाच.

काटा लागल्यावर टीटी घेतो तेही याच कागदावर बसवलं. टीटीमधे टॉक्सॉइड, म्हणजे निकामी केलेलं धनुर्वाताचं विष असतं, म्हणजे पहिल्या सिग्नलपुरता तुकडा, आणि सोबतचं अ‍ॅल्युमिनियमचं सॉल्ट इनेटला जागं करून दुसऱ्याची सोय करतं. आधी डोस झालेले असतील तर मेमरी सेल काही दिवसांत अँटीबॉडी वाढवतात. डोस कधी झालेच नसतील आणि जखम घाण असेल तर टीटीसोबत तयार इम्युनोग्लोब्युलिनही देतात, आणि चार्टवर ही अँटीबॉडी थेट मधल्या पट्ट्यात येऊन पडते, वरून कुठल्याच पेशीचा बाण न येता, त्यामुळे काम लगेच सुरू होतं, पण साधारण तीन आठवड्यांत ती निम्मी होते आणि तिच्याकडून मेमरीच्या बॉक्सकडे बाण काढायला काही जागाच नाही.