‘आमचे वरिष्ठ संपर्क साधतील’ हे वाक्य बदलायला गेलेले पाच तास

गणपतीच्या आधीच्या सोमवारी सकाळी 10:20 ला गिरगावातल्या एका मिठाईवाल्या काकांचा मेल आला. दोनच ओळी होत्या. ‘आता तुमच्या साहेबांचं नाव द्या. नाव नसलेल्या माणसाशी मी बोलणार नाही.’

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत सर्व्हिस कोऑर्डिनेटर आहे. दुकानांतले काचेचे थंड काउंटर, डीप फ्रीझर हे आमचं काम. काकांचं काउंटर चार महिन्यांपूर्वीचं. तीनदा बिघडलं आणि तीनदा आमचा टेक्निशियन जाऊन आला. दोन वेळा त्याने गॅस भरला, पण गळती कुठे आहे ते शोधलंच नाही. कॉइलवर सुरुवातीच्या भागापुरताच बर्फ धरतोय, हे काकांनी फोटो काढून पाठवलं होतं. गॅस कमी पडल्याची ती सरळ खूण असते. फोटो तक्रारीच्या तिकिटाला जोडलेला होता, कुणी उघडला नव्हता. आणि काकांना दोनदा हेच उत्तर गेलं होतं: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आमचे वरिष्ठ प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.’ कुणीही साधला नव्हता.

मेल लिहायला मला दहा मिनिटं पुरली असती. पण त्यात टाकायचं नाव मिळवायला दुपारचे पावणेचार वाजले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

टीम लीड म्हणाल्या, ‘नाव द्यायचं नसतं. एकदा दिलं की उद्यापासून सगळे त्यांनाच मेल करतील.’ मी म्हटलं, ग्राहकाने तीच अट घातली आहे. त्यांनी मला क्वालिटीकडे पाठवलं. क्वालिटीवाले म्हणाले, आमची हरकत नाही, पण लेखी काही देणार नाही, साहेबांनाच विचारा. साहेब म्हणजे आमचे सर्व्हिस हेड. इथे त्यांना सावंत सर म्हणते, खरं नाव वेगळं आहे. ते भिवंडीच्या गोदामात होते. कॅलेंडरमध्ये दिवसभर मोकळे दिसत होते आणि फोन उचलत नव्हते. अकरा वाजता मी मेसेज टाकला, ‘सर, अर्जंट आहे, प्लीज फोन करा.’ साडेअकराला पुन्हा. बाराला पुन्हा. काहीच नाही. या सगळ्यात आमच्या सिस्टीमवर काकांच्या तिकिटापुढे ‘प्रगतीत’ असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं, ते बघून मला आणखीच चीड येत होती.

दीड वाजता मी दुकानावर फोन केला. काकांच्या मुलाने उचलला. मी कुठलीही सबब दिली नाही. म्हटलं, ‘नाव आणि वेळ चारच्या आत लेखी कळवते. काका निवांत कधी असतात?’ तो म्हणाला, साडेतीन ते पाच. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी, तेव्हा बाबा फोन हातात घेत नाहीत. हे विचारलं नसतं तर मी सहाची वेळ दिली असती आणि फोन तसाच वाजत राहिला असता.

मग मी सरांना वेगळा मेसेज लिहिला. ‘फोन करा’ असं न म्हणता, उभ्या उभ्या उत्तर देता येईल असे तीन प्रश्न विचारले. ‘1. आज 4:30 की 4:45? 2. मशीन बदलून द्यायचा निर्णय कॉलवरच देऊ शकाल का? 3. मेलमध्ये तुमचं नाव आणि पद टाकू?’ वर काकांचा कॉइलचा फोटो जोडला. 3:44 ला उत्तर आलं, ‘4:45. हो, बदलीचा माझा अधिकार. पैसे परत द्यायचे तर अकाउंट्सला विचारावं लागेल. नाव टाक.’

दुसरा प्रश्न सोडू नका. ज्यांच्याकडे काही ठरवण्याचा अधिकार नाही अशा वरिष्ठांशी गाठ घालून दिली, तर ग्राहकाला चौथ्यांदा तीच कहाणी सांगावी लागते आणि हाती काही लागत नाही. पैशांचं सरांच्या हातात नव्हतं, म्हणून मेलमध्ये पैशांचा शब्दही आणला नाही.

काकांचा मेल मराठीत होता, म्हणून इंग्रजी टेम्प्लेट बाजूला ठेवून मीही मराठीतच लिहिलं. 3:57 ला गेला तो मेल असा:

‘नमस्कार काका,
आपलं काउंटर चार महिन्यांत तीनदा बंद पडलं. दोनदा गळती न शोधता गॅस भरला गेला, ही आमची चूक आहे. त्याबद्दल माफी मागते.
आमचे सर्व्हिस हेड सावंत आज दुपारी 4:45 वाजता आपल्याला स्वतः फोन करतील. बोलणं साधारण 15 मिनिटांचं असेल. मशीन बदलून देण्याचा निर्णय ते फोनवरच घेऊ शकतात. तिन्ही भेटींची नोंद आणि आपला फोटो त्यांच्याकडे आहे, पुन्हा काही सांगावं किंवा पाठवावं लागणार नाही.
फोन खाली दिलेल्या नंबरवरून येईल. ही वेळ सोयीची नसेल तर उद्या सकाळी 9:30 ला करू, फक्त ‘उद्या’ एवढं उत्तर पाठवा. सावंत सरांना या मेलमध्ये सीसी ठेवलं आहे.’

खाली माझं नाव, माझा थेट नंबर आणि फोन ज्या नंबरवरून येणार तो नंबर. हा नंबर द्यायचं कारण सांगते. आमच्या बोर्डवरून बाहेर फोन लावला की वेबसाइटवरचा नंबर दिसत नाही, 022 ने सुरू होणारा दुसराच दिसतो. मुंबईत दिवसभर कर्जाचे नि विम्याचे इतके फोन येतात की अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. मी आधी स्वतःच्या मोबाइलवर फोन लावून पाहिला आणि दिसला तोच नंबर लिहिला.

एक सांगायचं राहिलं. उत्तर जुन्या मेलच्याच साखळीत द्या, विषयातला तिकीट क्रमांक पुसू नका. मागच्या वेळी कुणीतरी नवा मेल लिहिला, सिस्टीमने नवं तिकीट उघडलं आणि काकांना आपोआप ‘48 तासांत उत्तर देऊ’ असं गेलं. ‘आज बोलू’ म्हटल्यावर पाच सेकंदांत ‘48 तास’ वाचलेला माणूस चिडणारच.

सर भिवंडीहून थेट कॉलवर आले. त्यांना मी अर्ध्या पानात तीन भेटींच्या तारखा, प्रत्येक वेळी काय केलं आणि काकांची मागणी एवढंच पाठवलं होतं. फोन 4:47 ला लागला, मीही लाइनवर होते. सरांनी सुरुवातच ‘फोटो बघितला, गळती आहे’ अशी केली. काकांचा आवाज तिथेच खाली आला. चौदा मिनिटांत ठरलं: बुधवारी दुपारी बाराच्या आत दुसरं काउंटर, जुनं वर्कशॉपला. वाया गेलेल्या माव्याची भरपाई काकांनी मागितली. सर म्हणाले, ‘आज हो म्हणू शकत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही, ते कळवतो.’ ठरलेलं सगळं मी 5:20 ला त्याच साखळीत लिहून पाठवलं.

बुधवारी अकराला काउंटर उतरलं. काकांचं उत्तर आलं, ‘मशीन आलं. शुक्रवारचं विसरू नका.’ शुक्रवारी साडेचारला अकाउंट्सचं उत्तर सरांच्या नावाने गेलं: पूर्ण भरपाई नाही, एक वर्षाची जादा सर्व्हिस मोफत. काकांना ते पुरेसं वाटलं नाही, तसं त्यांनी लिहिलंही, पण ते सरांना लिहिलं, नावाने. टेम्प्लेटमधलं ‘वरिष्ठ प्रतिनिधी’ मात्र अजून तसंच आहे. ते काढून तिथे नाव आणि वेळेची रिकामी जागा ठेवा, अशी लेखी मागणी मी टीम लीडकडे दोनदा केली आहे. तिसरी या सोमवारी जाईल.