रजिस्टरातला पाच

आमच्या डेस्कवरची रात्रपाळी सातला सुरू होते. बाहेरगावची आवृत्ती साडेनऊला सुटते, ठाण्याची साडेअकराला आणि मुंबई शहराची दीडला. पहिल्या दोन सुटतात, विषय संपला. माझा राग आहे तो दीड ते सहा या वेळेवर, कारण तेव्हा डेस्कवर कुणीच नसतं आणि रात्रपाळी सकाळपाळीशी बोलते ती फक्त एका रजिस्टरातून.

जुलैतली गोष्ट. उपनगरात भिंत कोसळली होती, मृत तीन. बातमी पान एकवर, उरलेला मजकूर पान पाचवर. एक वाजून दहा मिनिटांनी वार्ताहराचा फोन आला, "दादा, पाच झाले. रुग्णालयाने सांगितलंय." पान एक अजून माझ्याकडेच होतं, पण पान पाच बारालाच गेलं होतं आणि त्याच्या प्लेटा तयार होत्या. रंगीत पानाला चार प्लेटा लागतात, पण बदल काळ्या अक्षरातला असेल तर एक काळी प्लेट नव्याने काढून भागतं. मी तेवढंच मागत होतो. छापखान्यातून उत्तर आलं, "पान पाच मशीनवर चढलंय, आता थांबवलं तर गाड्या चुकतील." स्टेशनाबाहेर पहाटे चारला विक्रेते गठ्ठे मोजायला बसतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. पान एकवर पाच केले, आत तीनच राहिले. (ज्या बातमीतला आकडा वाढू शकतो तिचा मथळा लाल ठेवू नका. लाल हा गुलाबी आणि पिवळ्यातून होतो, म्हणजे एका आकड्यासाठी दोन प्लेटा.)

शेवटची लोकल कधीच गेली होती. ऑफिसची गाडी खाली हॉर्न वाजवत होती, चौघं माझ्यासाठी खोळंबले होते. रजिस्टरात 'महत्त्वाचे' या रकान्यात जेमतेम एक ओळ मावते. मी लिहिलं, 'भिंत – ५', आणि निघालो.

सहा वाजून वीस मिनिटांनी फोन. वेबसाइटवर तीन मृत, आमच्याच पान एकवर पाच. सकाळपाळीच्या मुलीने 'भिंत – ५' वाचून इमाने-इतबारे पान पाच उघडलं होतं आणि तिथला मजकूर उचलला होता. तिची काय चूक? पण लेखी खुलासा मागितला माझ्याकडे, आणि तो द्यायला मला दुपारी बाराला, झोप मोडून, डोंबिवलीहून पुन्हा यावं लागलं. रकाना मोठा करा, असं मी खुलाशातच लिहिलं. त्यावर अजून उत्तर नाही.

आता मी आकडा अक्षरात लिहितो: 'मृत पाच, १.१० वा., रुग्णालय. पान ५ जुनं आहे, उचलू नये.' हीच ओळ सिस्टीममध्ये मूळ बातमीच्या डोक्यावरही टाकतो, कारण घाईत रजिस्टर उघडलं जाईलच असं नाही. आणि हो, वार्ताहराचा नंबर. तो तेव्हा जागा असतो, मी नसतो.

रकाना अजून तेवढाच आहे. मी समासात लिहितो.