नशा उतरली, पण दिव्यांच्या शेपट्या उरल्या

"डॉक्टर, अ‍ॅसिड घेऊन चार महिने झाले. तरी गाडीच्या दिव्यामागे अजून लाल रेघ ओढली जाते. माझे डोळे बिघडलेत, की मला वेड लागतंय?"

बहुतेक वेळा दोन्ही नाही. एलएसडी, म्हणजे बोलीभाषेतलं अ‍ॅसिड, किंवा तत्सम भास घडवणाऱ्या पदार्थाचा अंमल संपल्यावरही दृष्टीतले बदल रेंगाळले आणि त्यांचा त्रास होऊ लागला, तर त्याला हॅल्युसिनोजेन पर्सिस्टिंग पर्सेप्शन डिसऑर्डर, थोडक्यात एचपीपीडी म्हणतात. मी नेत्रतज्ज्ञ आहे आणि ही मुलं आधी माझ्याकडेच येतात, कारण त्यांना वाटतं की दोष डोळ्यात आहे.

एका तरुणाचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गोव्यातल्या एका पार्टीत त्याने ब्लॉटर, म्हणजे एलएसडीत भिजवलेला कागदाचा तुकडा, घेतला. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं. काही दिवसांनी हात हलवला की हाताच्या पुसट प्रती मागे दिसू लागल्या. कोऱ्या भिंतीवर बारीक ठिपक्यांची वळवळ, दिव्यांभोवती वलयं, नजरेच्या कडेला काहीतरी हलल्याचा भास. दृष्टी तपासली तर ६/६. पडदा आणि डोळ्याची नस, दोन्ही निरोगी.

मी त्याला लाल रंगाच्या ठिपक्याकडे थोडा वेळ रोखून बघायला सांगितलं आणि मग पांढऱ्या भिंतीकडे. आपल्या सगळ्यांना तिथे हिरवट डाग दिसतो, कारण पडद्यावरच्या पेशी दमतात आणि उलटा रंग उमटतो. तो म्हणाला, "हिरवा नंतर. आधी लालच राहतो." एचपीपीडीच्या वर्णनांत हे वारंवार येतं: वस्तू हलवली तरी तिच्याच रंगाची प्रतिमा मागे राहते. ही चाचणी निदानाला पुरेशी नाही, पण नेमकं काय होतंय ते त्यातून कळतं. नवीन दृश्य आलं की मेंदू आधीचं पुसून टाकतो, फळा पुसावा तसं. इथे ते पुसणं मंदावतं.

बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ हेन्री डेव्हिड एब्रहॅम यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं. पूर्वी एलएसडी घेतलेल्या लोकांना लुकलुकणारा दिवा तुलनेने कमी वेगालाच अखंड दिसू लागत होता, आणि अंधाराला सरावतानाही त्यांच्या डोळ्यांची संवेदनक्षमता कमी भरली. औषध तर केव्हाच शरीराबाहेर गेलेलं होतं. एलएसडी मणक्याच्या द्रवात साठून राहतं ही समजूत खोटी आहे. रक्तातलं प्रमाण साधारण तीन-चार तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे उरतो तो पदार्थ नव्हे, मेंदूच्या दृष्टिव्यवस्थेतला बदल. दृश्याला लगाम घालणाऱ्या चेतापेशींचं काम ढिलं पडत असावं, असा एब्रहॅम यांचा अंदाज होता. तो अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही.

वेडाच्या भीतीबद्दल. सायकोसिससारख्या गंभीर मनोविकारात माणसाला भास बहुधा खरा वाटतो. या तरुणाला मात्र ती रेघ खरी नाही हे पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तो घाबरला होता. ही जाणीव शाबूत असणं ही निदानातली महत्त्वाची खूण.

तरीही एचपीपीडी म्हणण्याआधी बाकी शक्यता बाजूला साराव्या लागतात. अर्धशिशीतली नागमोडी चमक बहुधा तासाभरात ओसरते. फिट्सच्या आजारातले रंगीत गोळे सहसा सेकंदांत किंवा मिनिटांत संपतात, म्हणून गरज वाटली तर ईईजी आणि एमआरआय करतो. एका डोळ्यापुढे अचानक काळा पडदा सरकला, तर तो डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, सुटल्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायलाच हवा. आणि जुन्या टीव्हीवर दिसायच्या तशा मुंग्या सतत हवेत दिसणं, म्हणजे व्हिज्युअल स्नो, काहीही न घेतलेल्यांनाही होतं.

एकदाच घेतल्यावरही एचपीपीडी झाल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे "मी तर एकदाच घेतलं" या वाक्यावर मी निश्चिंत होत नाही. अनेकांचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षं टिकतो. गांजा, जागरण आणि चिंता यांनी तो वाढतो. दिवसभर भिंतीकडे बघून "आहे का अजून?" असं तपासत राहिल्यानेही वाढतो, आणि हे सोडवणं मला सगळ्यात कठीण जातं.

खात्रीचं औषध नाही. क्लोनाझेपाम आणि लॅमोट्रिजिन यांनी काहींना आराम पडल्याच्या नोंदी आहेत. पहिल्याची सवय लागते, दुसऱ्याने अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. रिस्पेरिडोन या भासांवर दिल्या जाणाऱ्या औषधाने काहींचा त्रास वाढलाय. म्हणून "भास होतात" एवढंच सांगून गोळी घेऊन येऊ नका. काय घेतलं, कधी घेतलं, ते मनोविकारतज्ज्ञाला स्पष्ट सांगा. आणि दिव्यांच्या रेघा जाईपर्यंत रात्रीची गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.